प्रोजेक्ट प्लॅनमध्ये 'स्टार्ट' लिहायचा की 'कमेन्स', 'इनिशिएट', 'लाँच'? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, पर्वरी, वेर्णा या पट्ट्यातल्या कंपन्यांचे आणि ठेकेदारांचे इंग्रजी प्लॅन तपासून देणं हे माझं रोजचं काम. मराठीत विचार करणारी, घरात कोंकणी-मराठी बोलणारी आणि ऑफिसात इंग्रजी लिहिणारी माणसं मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

प्लॅनमध्ये नुसता 'स्टार्ट' लिहिला तर तो हलका वाटतो का?

नाही. प्लॅनच्या तक्त्यात तर तोच शब्द हवा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट उघडून बघा, रकान्यांची नावं `Start`, `Finish`, `Actual Start`, `Baseline Start` अशी आहेत. दोन कामांमधला दुवा जोडताना यादीत `Finish-to-Start` दिसतं. जगभरातले इंजिनियर हेच शब्द वापरतात आणि त्यात कुणाला काही कमी वाटत नाही. 'स्टार्ट' हा इंग्रजीतला जुना, घरगुती शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ उडी मारणं, दचकून उठणं असा होता, आणि ती हालचाल त्यात अजून जाणवते. म्हणून पंप, जनरेटर, गाडी यांना 'स्टार्ट'च लागतो. 'कमेन्स द पंप' असं कुणी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. `Actual Start` हा रकाना रिकामा ठेवून तुम्ही एखाद्या कामापुढे दहा टक्के पूर्ण असं भरलंत, तर सॉफ्टवेअर प्लॅनमधली ठरलेली तारीखच खरी तारीख म्हणून त्या रकान्यात टाकतं. काम प्रत्यक्षात आठवडाभर उशिरा सुरू झालं असलं तरी कागदावर ते वेळेत सुरू झालेलं दिसतं. महिनाअखेरीच्या रिपोर्टमध्ये सगळी कामं अगदी ठरल्या दिवशीच सुरू झालेली दिसली, तर आधी हा रकाना तपासा.

'बिगिन'चं काय?

'बिगिन' आणि 'स्टार्ट' जवळपास एकाच पायरीवर आहेत, 'बिगिन' किंचित शांत. पत्रात किंवा अहवालाच्या वाक्यात तो छान बसतो, तक्त्यात 'स्टार्ट' बरा. यापुढे जाऊन दोघांत फरक करत बसू नका.

मग 'कमेन्स' कुठे वापरायचा?

करारात. त्याचं एकच ठिकाण सांगायचं तर ते 'कमेन्समेंट डेट'. बाकी जवळपास सगळीकडे तो काढून 'स्टार्ट' घातला तर वाक्य सुधारतं. अमेरिकेत सरकारी लिखाण सोपं करण्यासाठी 2010 साली कायदा झाला. त्यानंतर सरकारी लेखकांसाठी सोप्या शब्दांची जी यादी दिली जाते, तिच्यातही 'कमेन्स'च्या जागी 'बिगिन' किंवा 'स्टार्ट' लिहा असंच सांगितलेलं आहे.

पण करारातला 'कमेन्समेंट' हा शब्द शोभेचा नाही. त्याला एक नेमका अर्थ दिलेला असतो. मोठ्या बांधकामांत वापरला जाणारा, फिडिक या सल्लागार इंजिनियरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नमुना करार घ्या. त्यांच्या 1999 च्या रेड बुक या करारपुस्तकात आठव्या कलमाची सुरुवातच 'कमेन्समेंट ऑफ वर्क्स'ने होते. इंजिनियरने ठेकेदाराला किमान 7 दिवस आधी कमेन्समेंट डेट कळवायची, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर ती तारीख, ठेकेदाराला लेटर ऑफ ॲक्सेप्टन्स मिळाल्यापासून 42 दिवसांच्या आत असली पाहिजे. 2017 च्या आवृत्तीत ही आगाऊ सूचना 14 दिवसांची झाली. काम पूर्ण करण्याची मुदत याच तारखेपासून मोजली जाते. ठेकेदाराने त्या तारखेनंतर, व्यवहारात शक्य होईल तितक्या लवकर काम हाती घ्यायचं असतं.

आता यातली मेख बघा. कमेन्समेंट डेटच्या दिवशी साइटवर एक फावडंही पडलेलं नसेल, तरी मुदतीचं घड्याळ चालू झालेलं असतं. म्हणजे 'कमेन्समेंट' ही कराराने ठरवलेली तारीख, आणि 'स्टार्ट' ही साइटवर खरोखर घडलेली गोष्ट. या दोघांत पंधरा-वीस दिवसांचं अंतर पडणं अगदी नेहमीचं. त्यामुळे या दोन शब्दांत कोणता जास्त औपचारिक हा प्रश्न मी नंतर विचारते. आधी विचारते, की तुम्हाला यातली कोणती तारीख म्हणायची आहे?

घर घेणाऱ्यांना हा शब्द दुसऱ्या एका जागी भेटतो. 2016 च्या रेरा कायद्यात 'कमेन्समेंट सर्टिफिकेट'ची व्याख्या आहे, आणि बांधकामाचा परवाना वेगळ्या नावाने दिला जात असला तरी तो त्या व्याख्येत येतो. आपल्याकडे पंचायत किंवा नगरपालिका 'कन्स्ट्रक्शन लायसन्स' देते. ते हातात आलं म्हणजे बांधायला परवानगी मिळाली. बांधकाम सुरू झालं की नाही हे त्या कागदावरून कळत नाही.

एकच शब्द परत परत नको म्हणून मी आलटून पालटून वापरतो. त्यात काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि खरं नुकसान इथेच होतं. शाळेत निबंध लिहिताना आपल्याला शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा नको. प्लॅनमध्ये नेमकं उलटं आहे. वाचणारा शब्द बदलला की गोष्टही बदलली असं धरतो, आणि तसं धरण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

एक उदाहरण मी स्वतः हाताळलेलं सांगते. फोंड्याच्या बाजूला एका सभागृहाचं काम होतं. मुदत 180 दिवस. प्लॅन लिहिणारा मुलगा हुशार, इंग्रजी चांगलं. त्याने पहिल्या पानावर लिहिलं, 'द प्रोजेक्ट विल कमेन्स ऑन 1 नोव्हेंबर'. दुसऱ्या पानावर, 'एक्स्कव्हेशन विल बी इनिशिएटेड ऑन 18 नोव्हेंबर'. तिसऱ्या पानावर, 'मेन वर्क विल बी लाँच्ड ऑन 1 डिसेंबर'. आणि शेवटी एक ओळ, 'कम्प्लिशन विदिन 180 डेज ऑफ स्टार्ट'.

शेवटच्या ओळीतला 'स्टार्ट' वर कुठेच नव्हता. ठेकेदाराने फोन केला.

"मॅडम, एकशे ऐंशी दिवस कुठून धरायचे ते सांगा. तुमच्या कागदात सुरुवात तीन आहेत."

मी कॅलेंडर घेऊन बसले. 1 नोव्हेंबरपासून 180 दिवस मोजले तर 30 एप्रिल येते. 18 नोव्हेंबरपासून मोजले तर 17 मे. आणि 1 डिसेंबरपासून मोजले तर 30 मे. म्हणजे एका शब्दाच्या पोटात पूर्ण एक महिना. गोव्यात हा महिना साधा नसतो. मॉन्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि त्याआधी वळवाच्या सरी असतातच. 30 एप्रिलला छप्पर पूर्ण करणं आणि 30 मेला करणं यात, गिलावा सुकणार की ओला राहणार इतका फरक आहे. ठेकेदार अर्थातच 30 मे धरून बसला होता, मालक 30 एप्रिल. दोघेही कागदाला धरूनच बोलत होते, त्यामुळे कुणाला खोटं ठरवता येईना.

"अरे, शब्द छान दिसावेत म्हणून बदलले," तो मुलगा म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याचा दोष मी फारसा मानत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुरुस्ती अशी केली. वर व्याख्येत एक ओळ घातली: 'कमेन्समेंट डेट मीन्स 1 नोव्हेंबर'. मुदतीच्या ओळीत 'विदिन 180 डेज आफ्टर द कमेन्समेंट डेट' असं लिहिलं. खोदकाम आणि मुख्य काम या दोन्ही ठिकाणी साधा 'स्टार्ट' ठेवला. 'ऑफ'च्या जागी 'आफ्टर' मुद्दाम घातला, कारण 'आफ्टर' म्हटलं की पहिला दिवस धरायचा नाही हे स्पष्ट होतं. नाहीतर 29 एप्रिल की 30 एप्रिल हा वाद उरतोच. अर्थात दोन्ही बाजू त्या तारखेवर बसून बोलल्या आणि तयार झाल्या, म्हणून हे शक्य झालं. सही झालेला करार नुसता शब्द बदलून सुधारत नाही.

'इनिशिएट' जास्त प्रोफेशनल वाटतो. तो वापरू का?

वाटतो खरा, कारण प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात तो सारखा कानावर पडतो. पीएमआय, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, या संस्थेच्या पद्धतीत कामाच्या पाच गटांतला पहिला गट 'इनिशिएटिंग'. त्यात प्रोजेक्ट चार्टर बनवणं आणि कुणाकुणाचा या कामाशी संबंध आहे ते ओळखणं येतं. म्हणजे तिथे 'इनिशिएट' हा कागदावरच्या मंजुरीचा शब्द आहे. विटा, सिमेंट किंवा कोडिंग अजून लांब असतं.

ब्रिटनमधून आलेल्या प्रिन्स-टू पद्धतीत तर गंमतच आहे. तिथे आधी 'स्टार्टिंग अप अ प्रोजेक्ट' आणि त्यानंतर 'इनिशिएटिंग अ प्रोजेक्ट'. पहिल्यात हे काम हाती घेण्यासारखं आहे का एवढंच पाहायचं, दुसऱ्यात सविस्तर पाया घालायचा. आपल्याला वाटतं 'इनिशिएट' म्हणजे अगदी पहिलं पाऊल. इथे ते दुसरं आहे. तुमच्या टीममध्ये एक जण पीएमआयचा आणि एक प्रिन्स-टूचा असेल, तर 'प्रोजेक्ट इनिशिएट झाला' या वाक्यातून दोघांना दोन वेगळे टप्पे कळतील.

माझा नियम असा. कुणीतरी अधिकाराने एखादी प्रक्रिया चालू करून दिली असेल तिथे 'इनिशिएट': खरेदीची प्रक्रिया, चौकशी, मंजुरीची फाइल. मराठीत आपण जिथे 'कार्यवाही सुरू केली' म्हणू, तिथे तो बसतो. खोदकाम, रंगकाम, टेस्टिंग यांना तो लावू नका. लावलात तर वाचणाऱ्याला वाटतं की अजून फाइलच फिरते आहे, आणि बरेचदा त्याचं वाटणं खरं असतं.

'लाँच' फार उत्साही वाटतो. प्लॅनमध्ये चालतो का?

'लाँच' औपचारिकही नाही आणि अनौपचारिकही नाही. त्यात लोकांसमोर येणं आहे. मूळ अर्थ फेकणं, भाला फेकावा तसा. 'लान्स' म्हणजे भाला हा त्याच घरातला शब्द. पुढे नवं जहाज पाण्यात सोडणं याला तो लागला. एकदा जहाज पाण्यात गेलं की सगळा गाव ते बघतो, हे या शब्दाचं मर्म.

म्हणून ॲप, योजना, वेबसाइट, नवं उत्पादन लाँच होतं. पाया लाँच होत नाही, आणि सर्व्हरची खरेदीही नाही. वरच्या उदाहरणात 'मेन वर्क विल बी लाँच्ड' हे त्यामुळेच खटकतं. त्याच सभागृहाचं ऑनलाइन बुकिंग लोकांसाठी खुलं करायचं असतं, तर त्याला 'लाँच' अगदी योग्य होता.

अजून एक धोका. आतल्या लोकांसाठी चाचणी चालू करणं आणि जनतेसाठी खुलं करणं, या दोन्हींना प्लॅनमध्ये 'लाँच' लिहिलं जातं. मग पर्वरीतला अधिकारी पहिल्या तारखेला पत्रकारांना बोलावतो आणि स्क्रीनवर लॉगिनही होत नाही. चाचणीला 'पायलट स्टार्ट' म्हणा, लोकांसाठी असेल तेव्हाच 'लाँच' म्हणा.

(जाता जाता: मांडवीतून जाणारी लाँच, म्हणजे बोट, हा वेगळा शब्द आहे. तो पोर्तुगीज 'लांशा'वरून आला, आणि त्याचं मूळ मलय भाषेत असल्याचं मानलं जातं. दोन्ही शब्द पाण्यावर भेटले, पण नातं नाही.)

आमचे जुने साहेब 'कमेन्स'च लिहायला लावतात. त्यांना कसं सांगू?

आधी त्यांचा कान समजून घ्या. 1961 पूर्वी जे इथे शिकले, किंवा ज्यांच्या घरात तेव्हाची भाषा टिकली, त्यांच्या कानात पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजमध्ये 'कोमेसार' हा रोजचा, स्वयंपाकघरातला शब्द. जेवायला सुरुवात करा म्हणतानाही तोच. 'कमेन्स' आणि 'कोमेसार' एकाच लॅटिन मुळातून आले, म्हणून अशा माणसाला 'कमेन्स' जड वाटतच नाही. इंग्रजीत मात्र तो फ्रेंचमधून, दरबाराच्या आणि कायद्याच्या वाटेने आला, आणि तो ताठपणा त्याला चिकटून राहिला. 'इनिशिएट'ही त्याच लॅटिन मुळाचा आहे, हे सांगितलंत तर साहेबांना आवडेल.

मग त्यांना असं विचारा: "सर, करारातल्या तारखेसाठी कमेन्समेंट राखून ठेवू या, म्हणजे तिला वजन राहील. बाकी कामांना स्टार्ट लिहू?" या पद्धतीने मला आजवर नकार मिळालेला नाही. शब्द काढून टाका म्हटलं की माणूस दुखावतो. त्याला योग्य जागा द्या म्हटलं की पटतं.

मराठीतल्या कुठल्या शब्दाशी कुठला जुळतो?

औपचारिकतेचा अंदाज घ्यायला हा सगळ्यात सोपा मार्ग, कारण मराठीचा तोल आपल्याला शिकावा लागत नाही. 'स्टार्ट' म्हणजे आपलं 'सुरू करणं'. 'सुरू' फारसीतून आला आणि आता इतका आपला झाला की कोंकणीतही 'सुरू करप'च म्हणतात. 'कमेन्स' म्हणजे 'प्रारंभ'. सरकारी मराठीत वर्क ऑर्डरला 'कार्यारंभ आदेश' म्हणतात, त्यातला 'आरंभ' हा नेमका करारातला आरंभ. 'इनिशिएट' म्हणजे 'कार्यवाही सुरू करणं'. 'लाँच' म्हणजे 'शुभारंभ', नारळ फोडून, चार लोकांसमोर.

आता स्वतःलाच विचारा. 'उद्यापासून गिलाव्याचा शुभारंभ होईल' असं तुम्ही गवंड्याला सांगाल का? नाही ना? मग इंग्रजीतही गिलावा लाँच करू नका. 'गिलावा उद्या सुरू' हेच म्हणाल, तर 'प्लास्टरिंग स्टार्ट्स टुमॉरो' लिहा.

भूमिपूजनाला मात्र यातला कुठलाच शब्द पुरत नाही. ती वेगळी घटना आहे, म्हणून प्लॅनमध्ये तिची वेगळी ओळ करा आणि 'भूमिपूजन' असंच लिहा. त्या दिवशी कुदळ मारली म्हणून `Actual Start` भरू नका. पूजेनंतर महिनाभर यंत्र न आल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

वाक्यात बसवताना कोणत्या चुका होतात?

दोन चुका फार दिसतात. पहिली, 'द प्रोजेक्ट विल इनिशिएट ऑन मंडे'. 'इनिशिएट'ला करणारा माणूस लागतो. प्रोजेक्ट आपणहून इनिशिएट होत नाही. 'द कमिटी विल इनिशिएट द प्रोक्युअरमेंट प्रोसेस' हे बरोबर. दुसरी, 'वर्क विल कमेन्स फ्रॉम मंडे'. ही आपल्या 'सोमवारपासून'ची सावली आहे. एका दिवशी घडणाऱ्या सुरुवातीला 'ऑन मंडे' म्हणा. आणि 'कमेन्स टू डिग' कानाला अवघड वाटतं. 'कमेन्स डिगिंग' चालेल, 'स्टार्ट डिगिंग' सगळ्यात बरं.

किक-ऑफ, रोलआउट, गो-लाइव्ह?

'किक-ऑफ' ही मीटिंग आहे. ती झाली म्हणजे काम सुरू झालं असं नाही. तिला 'किक-ऑफ मीटिंग' असं पूर्ण लिहा. सरकारी खात्याला जाणाऱ्या कागदात हा शब्द थोडा सैल वाटतो, तिथे 'फर्स्ट प्रोजेक्ट मीटिंग' चालेल. 'रोलआउट' म्हणजे टप्प्याटप्प्याने पसरवणं, आधी तिसवाडी, मग बार्देश, मग सासष्टी असं. त्यामुळे त्याला एक तारीख देता येत नाही, प्रत्येक टप्प्याला वेगळी द्या. 'गो-लाइव्ह' म्हणजे यंत्रणा खऱ्या कामाला जोडली गेली तो क्षण. तो रात्री दोन वाजताही असू शकतो आणि 'लाँच' दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, पाहुण्यांसमोर.

तयार प्लॅन पाठवण्याआधी पटकन कसा तपासू?

फाइल उघडा, शोधण्याच्या चौकटीत `commenc` टाइप करा. शेवटचं अक्षर मुद्दाम सोडा, म्हणजे 'कमेन्सिंग'ही सापडतं. प्रत्येक ठिकाणी थांबा: ही करारातली तारीख आहे का? नसेल तर 'स्टार्ट' घाला. मग `initiat` शोधा: कुणी अधिकाराने प्रक्रिया चालू करतो आहे का, आणि त्याचं पद वाक्यात आहे का? मग `launch`: हे लोकांना दिसणार आहे का? शेवटी `days` शोधा आणि प्रत्येक मुदतीपुढे बोट ठेवून बघा, ती ज्या शब्दापासून मोजायची आहे तो शब्द वर व्याख्येत जसाच्या तसा आहे का. वीस पानांच्या प्लॅनला यात अर्धा तास जातो. फोंड्याच्या त्या सभागृहाच्या वेळी मी तीन पानं न तपासता पुढे पाठवली होती, आणि मिटवायला अकरा दिवस गेले.